निसर्गवाद, मूल आणि कृतियुक्त शिक्षण: कोल्हापुरातल्या शिक्षक-पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात वरच्या प्राथमिक वर्गांना भूगोल आणि विज्ञान शिकवतो. दरवर्षी छात्राध्यापक माझ्या वर्गात सराव पाठ घ्यायला येतात. त्यांच्याकडून, पालकसभेत आणि सहकाऱ्यांशी बोलताना या विषयावरचे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बी.एड.च्या पुस्तकात निसर्गवादाची व्याख्या, तत्त्वं, गुण, दोष असं सगळं मिळतं. तो वर्गात नेमका कसा उतरतो हे मात्र तिथे मिळत नाही, म्हणून मी एकच पाठ सविस्तर सांगितला आहे.

निसर्गवाद म्हणजे मुलांना निसर्गात न्यायचं, सहली काढायच्या, असं का?

नाही. हा सगळ्यात जास्त होणारा गैरसमज आहे. पन्हाळ्यावर सहल नेली आणि तिथे तटबंदीसमोर उभं राहून शिक्षकांनी तासभर माहिती सांगितली, तर तो वर्गातलाच पाठ झाला, फक्त उन्हात झाला. उलट चार भिंतींच्या आतही निसर्गवादी पाठ होऊ शकतो.

इथे ‘निसर्ग’ या शब्दाचा पहिला अर्थ मुलाचा स्वतःचा निसर्ग, म्हणजे त्याच्या वाढीचा क्रम. निसर्गवादाचा प्रवर्तक मानला जाणारा विचारवंत रूसो १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमिल’ या ग्रंथात म्हणतो की माणसाला तीन शिक्षक असतात: निसर्ग, माणसं आणि वस्तू. आपल्या इंद्रियांची आणि शक्तींची आतून होणारी वाढ हे निसर्गाचं शिक्षण. त्या वाढीचा वापर कसा करायचा हे इतरांनी शिकवणं हे माणसांचं शिक्षण. आपल्या भोवतीच्या गोष्टींशी गाठ पडून जे कळतं ते वस्तूंचं शिक्षण. यातलं पहिलं आपल्या हातात अजिबात नाही. म्हणून बाकीच्या दोघांनी त्याच्या चालीनं चालावं, असा त्याचा साधा युक्तिवाद आहे. मूल सात वर्षांचं असताना त्याची समज दहा वर्षांच्या मुलासारखी करणं कुणाच्याच हातात नसतं, तेव्हा सातव्या वर्षाला जे पेलतं तेच त्याच्यासमोर ठेवायचं.

मुलाकडे बघण्याची ही दृष्टी आधीपेक्षा वेगळी कशी?

त्या काळच्या युरोपात मूल म्हणजे अपुरा मोठा माणूस समजलं जाई. कपडे मोठ्यांचे, शिष्टाचार मोठ्यांचे, पाठांतर मोठ्यांच्या ग्रंथांचं. रूसोनं सांगितलं की बालपणाला बघण्याची, विचार करण्याची, वाटण्याची स्वतःची रीत असते. ती मोठ्यांच्या रीतीची कच्ची नक्कल नव्हे. त्यानं वयाचे टप्पेही पाडले. दोन वर्षांपर्यंत शैशव, बारापर्यंत इंद्रियांचं आणि शरीराचं शिक्षण, बारा ते पंधरा बुद्धीचं आणि पुढे भावनांचं, समाजाचं.

हे टप्पे आज जसेच्या तसे कुणी धरत नाही, धरूही नयेत. पण त्यामागचा प्रश्न वर्गात रोज उपयोगी पडतो: हे मूल ही गोष्ट आत्ता कशी बघतंय? चौथीतल्या मुलाला ‘नकाशात उत्तर वर असते’ असं सांगितलं की ते वर बघतं, आभाळाकडे. हे मी अनेकदा पाहिलंय. त्याला मठ्ठ म्हणून चालणार नाही. त्याच्यासाठी ‘वर’ या शब्दाचा तोच अर्थ खरा आहे. नकाशा भिंतीवरून उतरवून जमिनीवर पसरला आणि खऱ्या उत्तरेकडे फिरवला की तेच मूल दोन मिनिटांत रंकाळा कुठल्या बाजूला आणि पंचगंगा कुठल्या बाजूला ते हातानं दाखवतं.

‘निषेधात्मक शिक्षण’ म्हणजे शिक्षकानं काहीच करायचं नाही ना?

परीक्षेतली बरीच उत्तरं असंच सांगतात आणि तिथेच चुकतात. निषेधात्मक शिक्षण म्हणजे उत्तर आधी सांगून टाकायचं नाही, मुलाला अजून न पेलणाऱ्या कल्पना शब्दांनी आत घालायच्या नाहीत, वेळ वाचवायची घाई करायची नाही. हे जमावं म्हणून शिक्षकाला तयारी मात्र नेहमीच्या पाठापेक्षा जास्त करावी लागते. ‘एमिल’मधला माँमोरांसीच्या रानाचा प्रसंग वाचला की हे लगेच ध्यानात येतं.

गुरू आणि त्याचा शिष्य एमिल माँमोरांसी गावाच्या उत्तरेला असलेल्या रानाची दिशा बघत असतात. मुलगा मध्येच विचारतो, याचा उपयोग काय? गुरू भाषण देत नाही. बरोबर आहे तुझं, सवडीनं बघू, उपयोग नसेल तर सोडून देऊ, असं म्हणून विषय थांबवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं न्याहारीआधी फिरायला निघतात आणि रानात वाट चुकतात. ऊन तापतं, भूक लागते, मुलगा रडकुंडीला येतो. गुरू विचारतो, किती वाजले? बारा. काल याच वेळी आपण रान बघत होतो, नाही का? रान गावाच्या उत्तरेला, म्हणजे गाव रानाच्या दक्षिणेला. दुपारी सावली उत्तरेकडे पडते, म्हणजे तिच्या उलट बाजूला दक्षिण. मुलगा तिकडे चालू लागतो आणि गाव दिसतं. खगोलशास्त्राचा काहीतरी उपयोग आहे म्हणायचा, असं तो आनंदानं म्हणतो.

गुरूनं केलं ते इतकंच: वाट चुकू दिली, जेवणाची वेळ टळू दिली आणि नेमके दोन-तीन प्रश्न विचारले. रान, वेळ आणि मुलाची भूक या तिन्हींचा मेळ मात्र त्यानं आधीच घातला होता. निसर्गवादी शिक्षकाचं सगळं काम असं प्रसंग रचण्यात असतं. छात्राध्यापक मला विचारतात की या पद्धतीचं पाठ टाचण कसं लिहायचं. मी सांगतो, आपण काय बोलणार याची यादी कमी करा. मुलांसमोर काय असेल, ते कुठे अडेल आणि तेव्हा आपण काय बोलणार नाही, हे लिहा.

हे कोल्हापूरच्या शाळेत करून दाखवता येतं का? आमचा पट पस्तीसचा आहे.

येतं. मी सहावीच्या वर्गावर केलेला सावलीचा पाठ सांगतो. त्याला पूर्ण दिवसाचे तुकडे लागले, पण खर्च एका बांबूच्या काठीचा.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव नुकताच होऊन गेला होता आणि वर्गात त्याच गप्पा होत्या. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात, ही इथल्या पोराटोरांना माहीत असलेली गोष्ट. एका मुलीनं विचारलं, ‘‘सर, रोज का पोचत न्हाईत मग? सूर्य तर रोज पश्चिमेलाच मावळतोय की.’’

उत्तर मला माहीत होतं आणि सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी तिलाच विचारलं, ‘‘आपल्या शाळेची पश्चिम नेमकी कुठं आहे? बोट दाखव.’’ पस्तीस मुलांनी सात-आठ वेगवेगळ्या दिशांना बोटं दाखवली. बहुतेकांनी काल जिथे सूर्य मावळला तिकडे, काहींनी फाटकाकडे, कारण त्यांना कुणीतरी फाटक पश्चिमेला आहे असं सांगितलेलं. वाद सुरू झाला. पाठ इथून पुढे सुरू होतो, कारण आता प्रश्न त्यांचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या सपाट कोपऱ्यात जमिनीपासून बरोबर एक मीटर उंच राहील अशी काठी रोवली. ती सरळ आहे का, हे मुलांनी दोरीला दगड बांधून केलेल्या ओळंब्यानं दोन बाजूंनी तपासलं. हा टप्पा गाळू नये. काठी थोडी जरी कलली तरी पुढचं सगळं कलतं आणि चूक कुठे झाली ते कळत नाही. वर्गात सगळ्यांचं ठाम मत होतं की सर्वांत लहान सावली बाराला पडते आणि ती उत्तर दाखवते. मी काही बोललो नाही. गट पाडले आणि दर पंधरा मिनिटांनी एका गटानं येऊन सावलीच्या टोकाशी खिळा ठोकायचा, लांबी मोजायची, वेळ लिहायची असं ठरलं.

बाराला सावली ७० सेंटिमीटर भरली. सव्वाबाराला ६७. ‘‘सर, अजून कमी व्हायला लागलीय!’’ साडेबाराला साधारण साडेपासष्ट. एक मुलगा घड्याळ बघून म्हणाला, ‘‘घड्याळ चुकलंय सर.’’ दुसऱ्यानं ऑफिसातलं घड्याळ बघून यायचं ठरवलं. मग बाईंच्या मोबाइलवरचं. तिन्ही बरोबर निघाली. पावणेएकला सावली ६५ झाली, एकलाही जवळपास तेवढीच आणि सव्वाला पुन्हा ६७च्या आसपास.

म्हणजे मध्यान्ह बाराला नव्हती, पावणेएकच्या सुमारास होती. हे फळ्यावर लिहून दिलं असतं तर वहीत उतरलं असतं आणि विसरलं गेलं असतं. इथे सहावीतली पोरं तिघातिघांनी डोकं खाजवत होती की घड्याळ खोटं की सूर्य खोटा. दोन दिवसांनी मी त्यांच्यासमोर रेखावृत्तं असलेला भारताचा नकाशा ठेवला आणि एवढंच सांगितलं की देशाचं घड्याळ ८२.५ अंश पूर्वेच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे. आपलं कोल्हापूर ७४ अंशांच्या जरा पुढे. फरक सव्वाआठ अंशांचा, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तेहतीस मिनिटं. उरलेली चौदा-एक मिनिटं पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि अक्षाच्या कलामुळे येतात. ती त्या तारखेपुरती असतात आणि वर्षभर कमी-जास्त होत राहतात. ती मी सहावीला समजावली नाहीत. ‘‘तेहतीस तुम्ही शोधलीत, चौदा शिल्लक आहेत, ती पुढं कधीतरी’’ असं सांगून वहीत तसंच लिहून ठेवायला सांगितलं. शिल्लक प्रश्न शिल्लक म्हणून लिहिणं हासुद्धा या पद्धतीचा भाग आहे.

आमच्याकडे हाच प्रयोग केला, पण प्रत्येक गटाची उत्तर दिशा वेगळी आली. कुठे चुकलं?

‘सर्वांत लहान सावली’ यावर भिस्त ठेवल्यामुळे. मध्यान्हीच्या आधी-नंतर पंधरा मिनिटांत सावलीची लांबी अवघी अर्धा सेंटिमीटर बदलते, पण टोक मात्र बाजूला भराभर सरकतं. त्यात एक मीटर काठीच्या सावलीचं टोक स्वतःच सेंटिमीटरभर धूसर असतं, कारण सूर्य म्हणजे ठिपका नाही, तबकडी आहे. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक त्या धूसरपणात हरवतो आणि मुलं वीस मिनिटांनी चुकतात. माझ्याही वर्गात पहिल्या दिवशी तीन गटांच्या तीन वेगळ्या उत्तर दिशा आल्या.

यावरचा उपाय आपल्याकडे जुन्या ज्योतिषग्रंथांतही आहे. काठीच्या बुंध्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खूण करायची, दुपारी ते पुन्हा वर्तुळाला शिवेल तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम आणि तिच्या मध्यातून काठीकडे येणारी रेषा उत्तर-दक्षिण. सकाळी अकराला टोक झपाट्यानं सरकत असतं, म्हणून ते वर्तुळाला कधी शिवलं हे स्पष्ट दिसतं. आम्ही हे केलं त्या दिवशी अकराला सावली ९१ सेंटिमीटर होती. दोरीनं तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं आणि दुपारी टोक वर्तुळाला परत शिवलं ते दोन वाजून पस्तीस मिनिटांच्या आसपास. मधल्या सुट्टीत काठीजवळ दोन मुलं राखणीला ठेवली. एकदा चेंडू लागून काठी हलली की दिवस गेला.

उपाय मी लगेच सांगितला नाही. तीन वेगळ्या उत्तर दिशा घेऊन मुलं भांडत आली तेव्हा विचारलं, ‘‘सावली कुठल्या वेळी जोरात पळत होती?’’ दोघी-तिघींनी वही उघडली आणि अकराच्या नोंदींवर बोट ठेवलं. पुढचा धागा मी दिला, तो त्यांना स्वतः सापडला असं मी म्हणणार नाही. पण त्यांना तो का हवा होता हे त्यांना कळलेलं होतं.

याला कृतियुक्त शिक्षणच म्हणायचं ना? मग आमच्या शाळेत चालतं ते काय वेगळं?

कधी काहीच वेगळं नसतं, कधी फार वेगळं असतं. माझी कसोटी एकच आहे: चूक झाली तर ती मुलाला कोण सांगतं? वर्तुळावरच्या खुणा चुकल्या तर एका गटाची रेषा दुसऱ्या गटाच्या रेषेशी जुळत नाही आणि मुलाला कुणी न सांगता कळतं. माँटेसोरीच्या साधनांत लाकडी ठोकळ्याच्या खाचांमध्ये दट्टे बसवायचे असतात. चुकीच्या खाचेत दट्टा घातला तर शेवटी एक दट्टा उरतोच. तिथेही चूक वस्तू दाखवते. याउलट कागदावर छापलेल्या ढगावर पस्तीस मुलांनी कापूस चिकटवला तर हात चालले, पण त्यात चूक होण्याची शक्यताच नाही. म्हणजे शोधण्यासारखंही काही नाही. वर्गभर तक्ते, फरशीवर रंगवलेल्या आकृत्या, दोरीला टांगलेले शब्द हे सगळं असूनही मुलानं फक्त सांगितलेल्या जागी बोट ठेवायचं असेल, तर ते फळ्यावरचंच शिक्षण आहे, फक्त जागा बदललेली.

एका तपासणीच्या दिवशी मी हे जवळून पाहिलं. शाळेचं नाव घेत नाही. मुलांच्या हातात चिंचोके होते आणि सगळे दहा-दहाचे ढीग करत होते. पाहुणे वळले तसं मी एका मुलाला विचारलं, ‘‘हे कशासाठी करतोयस रे?’’ तो म्हणाला, ‘‘सायेब आल्यात म्हणून.’’ चिंचोके उत्तम साधन आहेत. पण त्या दिवशी त्याच्यापुढे मोजायला भाग पाडणारा प्रश्नच नव्हता. वाईट वाटलं ते त्या मुलाच्या वाट्याला आलेल्या तासाबद्दल.

रूसोपासून आपल्या बालवाडीपर्यंत हा विचार आला कसा?

रूसोनं स्वतः शाळा चालवली नाही. त्याच्या कल्पनेत एक गुरू आणि एक मुलगा एवढंच होतं. शाळेत ते उतरवलं स्वित्झर्लंडमधल्या पेस्टालोझीनं. यव्हेरदाँच्या त्याच्या संस्थेत शब्दाआधी वस्तू, वस्तूआधी निरीक्षण असा क्रम धरला गेला. तिथे काही काळ राहिलेल्या फ्रोबेलनं १८३७ साली जर्मनीत लहान मुलांसाठी खेळावर उभी संस्था सुरू केली, तिचंच पुढे किंडरगार्टन झालं. फ्रोबेलला मात्र शुद्ध निसर्गवादी म्हणू नये. त्याच्या विचारात अध्यात्माचा मोठा भाग आहे आणि परीक्षेत हा फरक विचारतात.

आपल्या बाजूला गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे महाराष्ट्रात आल्या आणि १९४५ पासून बोर्डीत त्यांनी अनुताई वाघांच्या साथीनं आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं वापरली आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यामुळे मूल शाळेत पोचलं. शाळेत पोचलेल्या मुलाशी कसं वागायचं, या प्रश्नावर लीलाताई पाटलांनी १९८५ साली इथेच सृजन आनंद विद्यालय सुरू करून काम केलं.

आणि आता ही कुणाच्या आवडीची गोष्ट राहिलेली नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात कृती, शोध आणि अन्वेषण यांतून, बालकेंद्री पद्धतीनं शिकणं असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

नैसर्गिक परिणामांतून शिस्त लावायची म्हणजे पोराला पडू द्यायचं, भाजू द्यायचं का?

रूसोचं उदाहरण असं. मुलानं आपल्या खोलीची काच फोडली तर ओरडू नका, काच लगेच बसवूही नका. रात्रंदिवस वारा लागू द्या. पुढे हर्बर्ट स्पेन्सरनं १८६१च्या आपल्या शिक्षणविषयक पुस्तकात हे तत्त्व सविस्तर मांडलं. त्यातला उपयोगी भाग असा की परिणामाचा कृतीशी खरा संबंध हवा. ओळंबा न लावता काठी रोवलेल्या गटाची दिशा चुकली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सगळं पुन्हा करावं लागलं, हा नैसर्गिक परिणाम. ‘गृहपाठ केला नाही म्हणून खेळाच्या तासाला बस’ ही शिक्षाच आहे. गृहपाठाचा आणि खेळाचा काही संबंध नाही. मारणं तर कायद्यानंच बंद आहे.

मर्यादा मोठ्या आहेत आणि त्या लपवू नयेत. काही परिणाम फार उशिरा येतात, जसं दात किडणं. काही परत न फिरवता येणारे असतात. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढलेलं असताना घाटावर कुणी मुलाला अनुभवातून शिकू देत नाही. आणि काही परिणाम सगळ्या मुलांना सारखे लागत नाहीत. फुटलेल्या काचेतून आलेला वारा श्रीमंताच्या घरात रजईखाली सोसता येतो. ज्याच्या घरी एकच वही आहे त्यानं ती हरवली तर ‘भोग आता परिणाम’ म्हणणं निष्ठुरपणा आहे. त्याला वही द्यावी.

माझा मुलगा पहिलीत आहे. रूसो बारा वर्षांपर्यंत पुस्तक नको म्हणतो. आम्ही वाचन लांबवावं का?

नाही, अजिबात नाही. इथे मी रूसोच्या विरोधात आहे. सावली स्वतः बोलते, पण ‘क’ हे अक्षर आणि त्याचा उच्चार यांत निसर्गानं दिलेला कुठलाच संबंध नाही. तो माणसांनी ठरवलेला आहे, म्हणून तो माणसानंच शिकवावा लागतो, स्पष्टपणे आणि क्रमानं. एमिलच्या भोवती पूर्णवेळ गुरू होता. त्याचं वाचन लांबलं तरी त्याचं काही अडलं नसतं. आपल्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरात त्यांच्याआधी कुणी शिकलेलं नाही. त्यांना अक्षर मिळण्याची जागा शाळाच आहे. तिथे ‘मूल तयार होईल तेव्हा वाचेल’ म्हणून थांबलं की सधन घरचं मूल घरी शिकून घेतं आणि हे मागे पडतं ते कायमचं.

पाढ्यांचंही तसंच. चिंचोक्यांचे ढीग करून गुणाकार कळतो, पण तो येतो सरावानंच. दोन्ही हवेत.

रूसोचं मुलींविषयीचं मत पुस्तकात का नसतं?

असायला हवं. ‘एमिल’च्या पाचव्या भागात सोफी नावाची मुलगी येते आणि तिचं शिक्षण एमिलला आवडेल, उपयोगी पडेल असं असावं, एवढ्यापुरतंच तो बघतो. ज्यानं मुलाला स्वतः विचार करू द्या म्हटलं, त्यानं मुलीला ते नाकारलं. इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्टनं १७९२ साली यावर कडक टीका केली. आपली पाच मुलंही त्यानं अनाथालयात ठेवली. मी छात्राध्यापकांना हे दोन्ही सांगतो. त्यामुळे वाट चुकलेल्या मुलाच्या पाठातली ताकद कमी होत नाही. पण आपल्या वर्गात वेळेच्या नोंदी मुली ठेवतात आणि काठी मात्र मुलंच रोवतात असं होत असेल, तर ते त्याच दिवशी बदलावं.

किरणोत्सवाच्या प्रश्नाचं पुढे काय झालं? आणि हा पाठ वर्षभर कधीही घेता येतो का?

पूर्व-पश्चिम रेषा जमिनीवर आल्यावर मुलांनी संध्याकाळी तिच्यावरून बघितलं. सूर्य रेषेवर मावळत नव्हता. पश्चिमेकडे तोंड केलं तर बराच डावीकडे, दक्षिणेच्या बाजूला. मग ठरलं की दर शनिवारी प्रत्येकानं आपापल्या घराच्या एकाच जागेवरून क्षितिजाचं चित्र काढायचं आणि सूर्य कुठे टेकला ते दाखवायचं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य रेषेपाशी आला, एप्रिलमध्ये पलीकडे गेला. तेव्हा त्या मुलीला आपलं उत्तर मिळालं: देवळाच्या दारातून आत येणारी वाट एकच, सूर्य त्या वाटेवर वर्षातून दोनदाच येतो, एकदा जाताना आणि एकदा परतताना. दिनदर्शिका घेऊन तिनं वर्षातल्या दोन्ही किरणोत्सवांचे मधले दिवस धरून सर्वांत लहान दिवसापर्यंतचं अंतर मोजलं. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२. ‘‘मधोमध आहे सर!’’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काळजीपूर्वक वाचा. रूसोचा नियम, की मध्यान्हीला सावली उत्तर दाखवते, फ्रान्ससाठी वर्षभर खरा आहे. कोल्हापूरसाठी नाही. आपण साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आहोत. ६-७ मेच्या सुमारास सूर्य मध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली बुंध्यातच राहते. तिथून ५-६ ऑगस्टपर्यंत सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. जून-जुलैत पुस्तकातला नियम वापरणारा इथला मुलगा बरोबर उलट्या दिशेनं चालत जाईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या पाठासाठी चांगला काळ. आभाळ स्वच्छ असतं आणि सावलीही लांब मिळते.

त्या वर्षी वर्तुळ आणि रेषा आम्ही ऑइलपेंटनं रंगवून ठेवल्या होत्या. जुलैत तीन-चार दिवसांच्या झडीनंतर दुपारी अचानक ऊन पडलं. तोपर्यंत ती मुलं सातवीत गेली होती. त्यातली दोघं काठी घेऊन पळत मैदानात गेली, जुन्या खड्ड्यात ती रोवली आणि मिनिटभरानं मला हाक मारत आली. घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. सावली होती वीतभरापेक्षाही कमी, आणि पडली होती फेब्रुवारीत लिहिलेल्या ‘उ’च्या विरुद्ध बाजूला. एकानं आधी ओळंबा लावून बघितला.